श्वास सोडायची जागा

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिला वाटलं, नमुन्यांचे निकाल उशिरा दिले म्हणून बोलणी बसणार. बोलणी परवडली असती. सर चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी समितीपुढे खिळीच्या चौकशीचं प्रेझेंटेशन आहे. ते तू करायचंस."

ती हसली. फार मोठा धक्का बसला की काही माणसांना आधी हसूच येतं, आणि ती त्यातली. मग सर हसत नाहीयेत हे लक्षात आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"सर, मी? समितीपुढे?"

"चाचण्या तू केल्यास. मग दुसरं कोण बोलणार?"

बोलणं बिनतोड होतं. अडचण एवढीच की अख्ख्या कारखान्यात तिला 'म्यूटताई' म्हणत. कॉम्प्युटरवरच्या मीटिंगमध्ये तिचा माइक कायम बंद असे, आणि चालू केला तरी फारसा फरक पडत नसे. बोलायला तिला येत होतं. प्रयोगशाळेतल्या मुलींत ती दिवसभर चिवचिवायची. पण चार माणसं रांगेनं बसली आणि तिच्याकडे बघायला लागली की तिची दातखीळ बसायची. मागे एकदा सकाळच्या बैठकीत नुसतं पिठातल्या ओलाव्याचं प्रमाण सांगायचं होतं. एक आकडा. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तो आकडा शेवटी शेजारच्याने तिच्या कागदावरून वाचून दाखवला. त्यानंतर कुणी तिला उभं केलं नव्हतं आणि तिनेही त्याबद्दल सगळ्यांचे मनोमन आभार मानले होते.

आता खिळीचं सांगायला हवं. कारखाना बेकरीच्या मालाचा. एका गिऱ्हाइकाच्या बिस्किटात बारीकशी लोखंडी खिळी निघाली आणि त्याचा दात तुटला. खिळी पट्ट्याच्या साखळीतून सुटलेली. अशा गोष्टी पकडायलाच पॅकिंगच्या आधी मेटल डिटेक्टर बसवलेला असतो. पाकीट त्याच्या कमानीतून जातं, आत धातू असला तर मशीन ते बाजूला फेकून देतं. ही खिळी मात्र आरामात गेली. मशीनवर त्या दिवशी शिट्टीकाकू होत्या. पॅकिंगच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही म्हणून त्या दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत, आणि ती ऐकून भलेभले मुकादम दचकत. काकूंनी तपासणी न करताच लाइन चालू केली, असा ठपका ठेवून त्यांना घरी बसवलं होतं. शुक्रवारी समिती ठरवणार होती, काकूंना परत घ्यायचं की कायमचं काढायचं.

म्हणजे तिने शुक्रवारी तोंड उघडलं नाही, तर काकूंची नोकरी जाणार. हे गणित समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू? स्टेजवर?" आणि त्यालाही आधी हसू आलं. हसणाऱ्यांचंच घर ते. पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून तो वरमला आणि त्याने बहिणीला फोन लावला. ही बहीण, म्हणजे तिची नणंद, छातीच्या रुग्णांना श्वासाचे व्यायाम शिकवायची. घरात सगळे तिला ताई म्हणत, आणि ताईचा आवाज असा की रुग्ण अर्धे घाबरूनच बरे होत असावेत.

ताई दुसऱ्याच दिवशी हजर झाली. "दाखव, घाबरलीस की काय करतेस ते."

"दीर्घ श्वास घेते. सगळे तेच सांगतात."

"घे बघू."

तिने घेतले. छाती भरभरून, एकामागून एक, खांदे कानांपर्यंत उचलून. थोड्याच वेळात बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि खोली हळूच फिरायला लागली. तिने खुर्ची धरली. "ताई, मला काहीतरी होतंय."

"होणारच. तू हवा हापसतेयस," ताई शांतपणे म्हणाली. "असं भसाभसा घेतलं की चक्करच येणार. आजवर तू भीती घालवायला जे करत होतीस ना, त्यानेच ती वाढत होती."

हे ऐकून ती थक्क झाली. शाळेपासून ती हेच करत आली होती. प्रत्येक तोंडी परीक्षेआधी दाराबाहेर उभी राहून मन लावून स्वतःला चक्कर आणत आली होती, आणि कुणी सांगितलं नव्हतं.

ताईने तिचा एक हात पोटावर ठेवायला लावला, दुसरा छातीवर. "वरचा हात हलता कामा नये. नाकाने चार मोजेपर्यंत आत घे, जबरदस्ती नको. मग सहा मोजेपर्यंत सोड, ओठ चहावर फुंकर घालतो तसे. घेण्यापेक्षा सोडणं लांब पाहिजे. सोडताना काळजाचा ठोका मंद होतो, शरीराला कळतं की वाघबिघ काही आलेला नाही."

"आणि भीती जाईल?"

"जाणार नाही. तळवे गार पडतील, धडधडेल. धडधडू दे. ते शरीर तयारीला लागल्याचं लक्षण आहे. फक्त त्याला शत्रू समजू नकोस. आणि हे शुक्रवारी आठवून उपयोग नाही, रोज कर. पोहायला कुणी बुडताना शिकत नाही."

मग तालीम. तिने सगळं भाषण शब्दन् शब्द पाठ करायला घेतलं होतं. ताईने कागद काढून घेतला. "पाठ केलंस की एक शब्द सांडला की पुढचे सगळे सांडतात. पहिलं वाक्य पाठ कर, शेवटचं पाठ कर. मधे काय सांगायचंय त्याचे मुद्दे डोक्यात ठेव आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत सांग. उभं राहून, मोठ्याने. मनातल्या मनात केलेली तालीम म्हणजे मनातल्या मनात जेवण."

पहिल्यांदा तिने भिंतीला सांगितलं. मग फोनवर रेकॉर्ड केलं, आणि ऐकताना तिला दुसरा धक्का बसला. तिला वाटत होतं आपला आवाज थरथरतोय, गुडघे वाजतायत, सगळ्या जगाला दिसतंय. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच नव्हतं. एक बाई भरभर बोलत होती, इतकंच. फार भरभर, वाक्याच्या शेवटी दम संपेपर्यंत.

"बघ," ताई म्हणाली. "आत जेवढं वादळ असतं त्याचं बाहेर फार थोडं दिसतं. आता श्वासाच्या जागा ठरव. मोठी गोष्ट सांगून झाली की थांबायचं, सगळा श्वास सोडायचा, मगच पुढे. लोकांना वाटतं तू विचार करतेयस. आणि मुद्दाम चुकायचीही तालीम कर. मधेच थांब, 'परत सांगते' म्हण, आणि पुढे चल."

संध्याकाळी ती काकूंकडे गेली. चौकशीत एक गोष्ट तिला अजून उलगडली नव्हती. काकूंनी दार उघडलं आणि ती चपापलीच. एरवी हॉल दणाणून सोडणारी बाई एवढीशी झाली होती. आवाजही खाली गेला होता, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून असेल.

"मी फोन केला होता गं लॅबला," काकू म्हणाल्या. "आधी चीज भरलेले पाव चालू होते, ते संपले, बिस्किटं सुरू करायची होती. सेटिंग बदलायला या म्हणून सांगितलं. मला काय त्याचा पासवर्ड माहीत? ते तुम्ही लोकच बदलता आणि तुम्हीच तपासता. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, 'गाडी उभी आहे, लाइन चालू करा, मी येतो.' कोण होता ते कळलं नाही, मशीनचा आवाज केवढा. आता लॅबमधले सगळे म्हणतात, आम्ही फोन घेतलाच नाही. माझंच तोंड खोटं पडलं."

ती त्या दिवशी रजेवर होती. घरी परतताना तिला राग आला, आणि रागाने भीती थोडी बाजूला सरकली. पण पूर्ण नाही. भीती हा चिवट पाहुणा असतो.

दुसऱ्या दिवशी तिने धाडस केलं. ताईचं म्हणणं होतं, ज्या खोलीत बोलायचंय तिथेच तालीम कर आणि समोर जिवंत माणूस बसव, शक्यतो असा की ज्याचा धाक वाटतो. धाक वाटावा असे तिच्याजवळ सरच होते. चोख माणूस. तिला काम त्यांनीच शिकवलं होतं, चूक झाली तर सगळ्यांदेखत कधी बोलले नव्हते. तिने विचारलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "बरं. जेवणाच्या सुट्टीत."

समितीची खोली रिकामी असताना जास्तच मोठी वाटायची. लांब टेबल, एसीची घरघर, आणि अगदी टोकाच्या खुर्चीत सर. ती पहिल्या दिवशी तिसऱ्या वाक्याला अडकली. थांबली, श्वास सोडला, "परत सांगते" म्हणाली आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी ती शेवटपर्यंत पोहोचली. तिसऱ्या दिवशी तिला चक्क हात हलवावेसे वाटले.

मुद्दे तिला आता झोपेतही आले असते. ओलसर, खारट पदार्थ डिटेक्टरला स्वतःच धातूसारखा भासतो, म्हणून चीज पाव चालू असताना मशीनची संवेदनशीलता कमी ठेवतात, नाहीतर ते प्रत्येक पाव फेकून देईल. बिस्किटं कोरडी, तिथे ती वाढवावी लागते. तिने तीच खिळी बिस्किटाच्या पाकिटात घालून दोन्ही सेटिंगवर पुन्हा पुन्हा चालवली. पावाच्या सेटिंगवर ती दर वेळी सुखरूप बाहेर आली, बिस्किटाच्या सेटिंगवर दर वेळी पकडली गेली. म्हणजे मशीन ठीक होतं, सेटिंग बदललंच गेलं नव्हतं. आणि ते बदलायचा पासवर्ड काकूंकडे नाही. इथे तिचं मोठं वाक्य होतं: "काकूंनी लॅबला फोन केला होता असं त्या म्हणतात, तो कोणी घेतला, ते मला शोधता आलेलं नाही." त्यानंतर ती थांबायची. श्वास सोडायची सगळ्यात मोठी जागा ती.

"इथे फार थांबतेस," सर म्हणाले. "समितीला वाटेल, विसरलीस."

"तिथे दम संपतो, सर."

"मग ते वाक्यच काढून टाक. सिद्ध न झालेली गोष्ट कशाला बोलायची?"

तिने घरी येऊन ताईला विचारलं. ताई म्हणाली, "वाक्य खरं आहे ना? मग राहू दे. आणि तिथे न थांबता गेलीस तर पुढे बुडशील." सरांचा शब्द तिने पहिल्यांदाच मोडला, आणि त्याचं तिलाच अपराधी वाटत राहिलं. तरी सर रोज तालमीला येऊन बसत. त्या जागी ती थांबली की ते टेबलाकडे बघत, किंवा खोकत. त्यांना सर्दी झाली असेल, असं तिला वाटलं. एके दिवशी तिने त्यांना आल्याची गोळीही दिली.

शुक्रवार उजाडला. समितीच्या खोलीबाहेर बाकावर काकू बसल्या होत्या, निकाल ऐकायला बोलावलेल्या. इस्त्रीचे कपडे, हात मांडीवर. तिला बघून त्या काहीतरी बोलणार होत्या, पण नुसतीच मान हलवली. तिने जिन्याच्या वळणावर जाऊन हात पोटावर ठेवला. चार आत, सहा बाहेर. पुन्हा. काळीज धडधडत होतं, तळवे बर्फासारखे. धडधडू दे, ती स्वतःला म्हणाली. तयारी चाललीय.

आत टेबलाच्या मध्यभागी कंपनीच्या प्रमुख बाई होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत आणि त्यांच्या समोर सगळे बारीक होत. एका बाजूला उत्पादनाचे साहेब, दुसऱ्या बाजूला कर्मचारी विभागाचे अधिकारी. आणि टोकाला, तालमीतल्याच खुर्चीत, सर.

ती उभी राहिली. एक क्षण, जुना, ओळखीचा, पूर्ण पांढरा क्षण, काहीच नव्हतं. कुणाचंच तोंड दिसेना. तिने श्वास सोडला. पहिलं वाक्य आपोआप जिभेवर आलं. "आपल्या बिस्किटात खिळी कशी गेली, हे मी तुम्हाला दाखवणार आहे."

आवाज आला. तिलाच नवल वाटलं. उत्पादनाचे साहेब फोन बघत होते, त्यांनी तो उलटा ठेवला. चाचण्यांचं चित्र पडद्यावर आलं. मधे एकदा 'बिस्किट' ऐवजी 'पाव' म्हणाली, थांबली, "परत सांगते," आणि पुढे गेली. कुणी हसलं नाही. मोठ्या बाई लिहून घेत होत्या. तिला आत कुठेतरी, भीतीच्या शेजारीच, मजा वाटायला लागली होती.

"त्यामुळे सेटिंग बदललं गेलं नव्हतं हे नक्की. काकूंनी लॅबला फोन केला होता असं त्या म्हणतात. तो कोणी घेतला, ते मला शोधता आलेलं नाही."

ती थांबली. श्वास सोडायला लागली, सावकाश, सगळा. खोलीत फक्त एसीची घरघर.

"मी घेतला," सर म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. वाटलं, तालमीतच आहोत आणि सर काहीतरी सुचवतायत. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"फोन मी घेतला होता," सर पुन्हा म्हणाले. ते तिच्याकडेच बघत होते, बाकी कुणाकडे नाही. "मालाची गाडी उभी होती. लाइन चालू करा म्हटलं, येतो म्हटलं. मग दुसरं काम आलं आणि मी गेलोच नाही. तक्रार आली तेव्हा म्हटलं, उद्या सांगू. तोवर काकूंना घरी बसवलं होतं. मग बोलता आलं नाही."

उत्पादनाचे साहेब आ वासून बघत राहिले. तिने टेबलाची कड धरली.

"आज का सांगताय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ही रोज तिथे थांबते," सर म्हणाले. "रिकाम्या खोलीत, मी एकटाच समोर. थांबते आणि माझ्याकडे बघते. मला वाटायचं, हिला कळलंय आणि ही मला संधी देतेय. हिला काहीच माहीत नव्हतं, ते मला आता हिच्या चेहऱ्यावर दिसतंय. हिचं नाव मीच सुचवलं होतं. का, तेही सांगतो. हिचं तोंड उघडणार नाही, अशी मला खात्री होती. विषय तिथेच मिटला असता."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. फोनचं समजत होतं. माणूस विसरतो, माणूस घाबरतो, घाबरण्याबद्दल तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ज्या माणसाचा धाक वाटत होता, ज्याला गुरू समजून समोर बसवलं, त्याने आपल्याला आपल्या भीतीसाठीच निवडलं होतं. त्या भीतीच्या भरवशावर त्याने काकूंना बाहेर बाकावर बसवलं होतं. आणि तरीही तो रोज जेवण सोडून तालमीला येत राहिला होता, ती सुधारतेय हे डोळ्यांनी बघत. त्याला काय हवं होतं, तिने अडकावं की बोलावं? त्यालाही ठाऊक नसावं. तिला रडूही येईना आणि रागही येईना. ती नुसती सुन्न झाली होती.

कर्मचारी विभागाचे अधिकारी घसा खाकरून म्हणाले, "हे आपण नंतर, स्वतंत्रपणे..."

"नंतर नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या तिच्याकडे वळल्या. "चौकशी तुम्ही केलीत. त्या बाईंना आपण काही सिद्ध व्हायच्या आधी घरी बसवलं. तोच नियम यांना लावायचा का? तुमचं मत सांगा."

याची तालीम तिने केली नव्हती. पाठ केलेलं शेवटचं वाक्य आता कुणाच्याच कामाचं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. सरही. त्यांचे हात टेबलावर होते, मोकळे, आणि तिला एकदम दिसलं की ते म्हातारे झालेत.

पोटावर हात न ठेवताच तिने श्वास घेतला आणि त्याहून सावकाश सोडला.

"हो," ती म्हणाली. "लावायचा. यांना आजपासून घरी बसवा. काकूंना आत्ता आत बोलवा आणि सगळ्यांसमोर माफी मागून कामावर घ्या. आणि मशीनवर चाचणी पास झाल्याशिवाय लाइन सुरूच होणार नाही, अशी सोय करा. कोणी फोनवर काहीही सांगितलं तरी."

मोठ्या बाईंनी लिहून घेतलं. कुणीतरी दार उघडायला उठलं. सर उठून उभे राहिले, खुर्ची नीट आत सरकवली आणि तिला म्हणाले, "छान बोललीस." त्यात टोमणा नव्हता. ते खरंच म्हणत होते.

ती तशीच उभी राहिली. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ आला होता, एकाही शब्दाला कापला नव्हता. या माणसाला घालवताना तरी तो कापायला हवा होता, असं तिला वाटलं, आणि तो कापला नाही याचीच तिला भीती वाटली.